कारण: शून्य चार

ऑफिसात तिला सगळे तपशीलबाई म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. कोणी म्हणालं, "बाई, पलंग गेला," की ही विचारणार: कोणता पलंग, कुठे गेला, किती वाजता गेला, सही कोणी केली. गाडीवरची माणसं तिच्या टेबलाकडे यायला कचरायची. अशा बाईच्या हातून व्हायला नको होतं ते झालं, हेच तर दुखणं आहे. निष्काळजी माणसाकडून झालं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं.

कंपनी घरच्या आजारपणाला लागणारं सामान भाड्याने द्यायची. वरखाली होणारे पलंग, चाकाच्या खुर्च्या, हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीनं. भाडं महिन्याचं, आगाऊ. पुढे माणूस बरा होतो, नाहीतर जातो. सामान मधेच परत येतं किंवा बदलावं लागतं, आणि घेतलेल्या भाड्यातले काही दिवस उरतात. त्या दिवसांचे पैसे गिऱ्हाइकाच्या देण्यातून कमी करायचे तर क्रेडिट नोट काढावी लागते. क्रेडिट नोट काढणं हे तपशीलबाईचं काम होतं. गेली एकोणीस वर्षं.

आता यातली गोम ऐका. कॉम्प्युटरवर क्रेडिट नोट काढताना कारणाचा कोड टाकल्याशिवाय पान पुढे सरकायचं नाही. शून्य एक म्हणजे बिलात चूक. शून्य दोन म्हणजे मशीन नादुरुस्त. शून्य तीन म्हणजे दरात सवलत. शून्य चार म्हणजे ग्राहकाच्या विनंतीवरून परत. शून्य दोन टाकलं की मिस्त्रीचा कागद जोडा, साहेबांची मंजुरी घ्या, साहेब जागेवर नसले तर वाट बघत बसा. शून्य चारला कसलीच कटकट नव्हती. त्यामुळे महिनाअखेरीला, साठसत्तर नोटा एका दिवसात काढायच्या असत तेव्हा, सगळा विभाग डोळे मिटून चार टाकायचा. पैसे तर बरोबरच जातात ना? मग कारण कोण वाचतंय! तपशीलबाईने सुरुवातीची दोन वर्षं कुरकुर केली, मग तीही चार टाकू लागली. वाण नाही पण गुण लागला.

आणि त्या नोटेबरोबर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर आपोआप एक मेसेज जायचा:

"प्रिय ग्राहक, क्रे. नोट सी-५१८ रु. ३१५०. दि. ९. कारण ०४ ग्राहकाच्या विनंतीवरून मशीन परत. शिल्लक ०."

बस्स. कोणत्या बिलातले पैसे, ते कुठे वळवले, काही नाही. लोक फोन करून विचारायचे, पैसे भरायचेत की मिळणार आहेत? रोजचे वीसवीस फोन. शेवटी साहेब वैतागले. साहेब म्हणजे वयाने तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, चांगला मुलगा, फक्त घाबरट. म्हणाले, "बाई, हा मेसेज नव्याने लिहा. असा लिहा की फोनच येता कामा नये."

तिने तीन दिवस घालवले. पहिला मसुदा घरी सासूबाईंना वाचून दाखवला. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचं म्हणणं असं की सुनेला ऑफिसात पगार बसण्याचा मिळतो.

"'आपल्या खात्यात समायोजन करण्यात आले आहे,'" तिने वाचलं.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे पैसे वळते केले."

"मग वळते केले असं म्हणायला काय जीभ झिजते? कुठनं कुठे वळवले?"

"पहिल्या बिलातून दुसऱ्या बिलात."

"का?"

"ते… कारण असतं काहीतरी."

"काहीतरी!" सासूबाईंनी देठ बाजूला टाकला. "अगं, माझा मुलगा उशिरा आला तर तू दारात उभी राहून कारण विचारतेस. आणि लोकांचे पैसे इकडचे तिकडे करता ते काहीतरी म्हणून?"

म्हातारी बोलली ते खरं होतं आणि तिला झोंबलंही. तिने मसुद्यात तीन ओळी ठरवून टाकल्या. का, कोणत्या बिलाचं, आणि आता कोणी कोणाला किती द्यायचं. चौथं काही नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण बटण एक घर चुकलेलं. डाव्या डोळ्याभोवती खोल गोल वण. पन्नास वर्षं त्या डोळ्याला भिंग लावून ते घड्याळं दुरुस्त करत होते, हे त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी खिशातून चौपदरी घडी काढली आणि काउंटरवर उलगडली. कागदावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात तोच मेसेज उतरवून आणला होता. सी-५१८.

"हे तुमच्याकडचं ना?"

"हो, काका. काही अडचण आहे?"

"मला एक कागद हवाय," घड्याळजी म्हणाले. "त्यावर लिहून द्या की मी मशीन परत केलं नव्हतं."

तपशीलबाईने नोट उघडली. तिच्याच हातची होती. पहिलं मशीन नऊ तारखेला परत आलेलं. त्याच दिवशी त्याच पत्त्यावर दुसरं गेलेलं. म्हणजे बदली. तिला आधी काही वावगं दिसलं नाही.

"काका, तुम्हाला दुसरं मशीन दिलं ना लगेच? पैसे त्यातच धरलेत. तुमचं काही देणं नाही."

"मला माहितीये हो. माझ्या लेकीला माहीत नाही."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. तपशीलबाईने खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. बायकोची फुप्फुसं निकामी होत गेलेली. लेक लांब देशी, नोकरीला. मशीनचं भाडं तीच भरायची, म्हणून नोंदवलेला मोबाइल नंबरही तिचाच. बायको चौदा तारखेला गेली. लेकीला पोचायला तीन दिवस लागले. सतरा तारखेला ती आली तेव्हा सगळं उरकलेलं होतं, आणि दुसरं मशीनही सोळालाच परत गेलेलं. घड्याळजींना ते डोळ्यांसमोर नको झालं होतं. लेक आठ दिवस राहिली, परत गेली. आणि तीस तारखेला तिच्या फोनवर हा मेसेज आला.

तपशीलबाईने तो कागद पुन्हा वाचला. या वेळी लेकीच्या डोळ्यांनी वाचला. नऊ तारीख. ग्राहकाच्या विनंतीवरून मशीन परत. तीन हजार एकशे पन्नास. शिल्लक शून्य, म्हणजे खातं बंद. आणि आई चौदाला गेली.

"तिला वाटलं मी पैशासाठी परत केलं," घड्याळजी म्हणाले. "आईचा श्वास पाच दिवस आधी बंद केला."

"अहो, पण दुसऱ्या मशीनचं बिल? तेही तिला गेलं असेल की!"

ते म्हणताना तिला स्वतःलाच उत्तर सुचलं. दुसऱ्या मशीनचं बिल होतं बरोबर तीन हजार एकशे पन्नासचं. क्रेडिट नोटेचे पैसे त्यात पूर्ण वळते झाले, देणं शून्य राहिलं, आणि देणं शून्य असलं की कॉम्प्युटर बिलाचा मेसेज पाठवत नाही. सोळाला दुसरं मशीन परत आलं तेव्हा चौदा दिवस उरले होते. नियम असा की पंधरा दिवस तरी उरले पाहिजेत, तरच भाडं कमी होतं. म्हणून दुसरी क्रेडिट नोट निघालीच नाही. घरात दुसरं मशीन होतं हे सांगणारा एकही शब्द त्या मुलीपर्यंत गेला नव्हता.

"पण काका, तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

घड्याळजी काउंटरच्या काचेवर बोट फिरवत राहिले.

"मी जरा चिक्कू माणूस आहे," ते म्हणाले. "घरात सगळ्यांना ठाऊक. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की माझं डोकं फिरतं. मशीन आलं तेव्हा लेकीशी फोनवर मीच बोललो होतो, विजेचं बिल किती येणार देव जाणे. आणि मशीनची घरघर असायची, ऐकू येत नाही म्हणून फोन आला की मी बाहेर गॅलरीत जाऊन घ्यायचो. तिला आवाज कधी आलाच नाही. मग तिला का नाही वाटणार?"

"तरी पण. एवढा मोठा आरोप! तुम्ही नाही म्हणायचं की!"

"तिने विचारलं, बाबा, नऊ तारखेला काय झालं ते खरं सांगा. आणि माझी जीभ उचलेना."

तपशीलबाईला हे कोडं सुटेना. निर्दोष माणूस असा गप्प कशाला बसेल? ती म्हणाली, "थांबा, मिस्त्रीचा कागद काढते." प्रत्येक मशीन बसवताना आणि काढताना मिस्त्री एक कागद भरतो. त्यात मशीनवरच्या मीटरचा आकडा असतो, मशीन किती तास चाललं ते सांगणारा. आणि बिघाड असेल तर तो. तिने फाइलमधून नऊ तारखेचा कागद काढला. मिस्त्रीचं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, पण तिला सवय होती.

"बिघाड: हवा शुद्ध होत नाही, पिवळा दिवा. ग्राहक म्हणतो ७ तारखेपासून. मशीन बदललं."

तिने मान वर केली. घड्याळजींनी तो कागद वाचला नव्हता, पण त्यात काय आहे ते त्यांना कळलं होतं.

"सातला सकाळी दिवा पिवळा झाला," ते म्हणाले. "मी म्हटलं, माणूस बोलावला तर चारशे रुपये घेतील."

"अहो, आम्ही काही घेत नाही! भाड्याच्या मशीनची दुरुस्ती फुकट असते!"

"ते मला नऊला कळलं." ते हसल्यासारखं काहीतरी करून गेले. "आणि पैशाचं अर्धंच हो. अर्धी खुमखुमी. आख्ख्या गावाची घड्याळं चालू केली मी, एवढं एक खोकं मला उमगणार नाही? मागची जाळी काढली, धुतली, वाळवली, बसवली. दिवा हिरवा झाला. बायको म्हणालीसुद्धा, तुमच्या हातात जादू आहे. दुपारी परत पिवळा. मी परत उघडलं. आठ तारीखही त्यातच गेली. नऊला तिचे ओठ निळसर दिसले तेव्हा फोन केला. तुमचा माणूस दोन तासांत आला, त्याची काही चूक नाही. नवं मशीन लावल्यावर ती बरी दिसत होती. डॉक्टर म्हणाले, तसंही फार दिवस नव्हते. पण दोन दिवस ते दोन दिवसच ना?"

बाहेर गाडीवरची माणसं चाकाची खुर्ची उतरवत होती, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"लेकीने नऊ तारीख म्हटलं, मला वाटलं हिला सगळं कळलं," घड्याळजी म्हणाले. "म्हणून गप्प बसलो. ती म्हणाली, आता मला फोन करू नका. दोन दिवसांनी शेजारच्या मुलाला तिने हा मेसेज पाठवला, 'बाबांना दाखव' म्हणून. तेव्हा समजलं की ती भलत्याच गोष्टीसाठी मला मारतेय."

तपशीलबाईने कपाळाला हात लावला. या माणसाने जे केलं नव्हतं ते तिने त्याच्या नावावर चढवलं होतं. का? तर शून्य दोन टाकलं असतं तर साहेबांची सही घ्यायला जिना चढावा लागला असता. एक जिना! तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने त्यांच्याकडे बघायचंच टाळलं.

"चूक माझी आहे, काका. मी दुरुस्त करते."

"चूक कोणाची ते मी विचारत नाहीये," ते म्हणाले. "लिहा म्हणतोय."

एकदा निघालेली क्रेडिट नोट खोडता येत नाही. पण रक्कम बरोबर असेल आणि कारण चुकलं असेल, तर मंजुरी घेऊन कारण दुरुस्त करता येतं आणि खुलाशाचा मेसेज पाठवता येतो. ती मसुदा घेऊन जिना चढली. साहेबांनी वाचला आणि एकाच शब्दावर बोट ठेवलं.

"'बिघाड' काढा."

"का?"

"बाई, पेशंट पाच दिवसांनी गेलाय. मशीन बिघडलं होतं असं आपणच लेखी दिलं तर उद्या वकिलाची नोटीस येईल. नुसतं 'मशीन बदलले' लिहा. तेही खरंच आहे."

"ती विचारेल का बदललं."

"विचारू दे. फोनवर सांगू."

"साहेब, फोन येऊ नयेत म्हणून तुम्हीच मला हे काम दिलंत," ती म्हणाली. एकोणीस वर्षांत ती या आवाजात बोलली नव्हती. "बिघाड लिहिला तर नोटीस येईल म्हणता. आणि जे आपण आधीच लेखी दिलंय त्याचं काय? त्या म्हाताऱ्याने बायकोचं मशीन परत केलं, असं आपण त्याच्या मुलीला छापून दिलंय. हे धडधडीत खोटं आहे आणि त्या नोटेवर माझं नाव आहे. त्याची नोटीस आली तर मी कोणाचं नाव सांगू?"

साहेबांनी पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. मग मंजुरीच्या रकान्यात सही केली. "मेसेजखाली नाव तुमचंच राहू दे," म्हणाले.

"माझंच आहे," ती म्हणाली.

खाली येऊन तिने मेसेज घड्याळजींना वाचून दाखवला. हळू, एकेक ओळ.

"आमच्या आधीच्या मेसेजमध्ये कारण चुकीचं गेलं होतं. ती चूक आमची. खरी माहिती अशी. क्रेडिट नोट सी-५१८: तुमच्या देण्यातून ३,१५० रुपये कमी केले.

कारण: पहिल्या ऑक्सिजन मशीनमध्ये बिघाड झाला. ९ तारखेला ते काढून त्याच वेळी दुसरं मशीन बसवलं. ग्राहकाने मशीन बंद केलं नव्हतं. दुसरं मशीन १६ तारखेपर्यंत घरी होतं.

कोणत्या बिलाचे: १ तारखेचं बिल ३१८७, रुपये ४,५००, भरलेलं. त्यातले १० ते ३० हे न वापरलेले २१ दिवस, रोजचे १५० रुपये.

हिशेब: हे ३,१५० रुपये दुसऱ्या मशीनच्या बिल ३२४२ मध्ये वळते केले. ते बिलही ३,१५० रुपयांचंच, म्हणून पूर्ण फिटलं. तुम्ही काही द्यायचं नाही, आमच्याकडून काही यायचं नाही."

खाली तिचं नाव होतं. घड्याळजींनी डोळे मिटून ऐकलं.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "माझ्यासारख्यालाही कळलं. पण सात तारीख?"

"ती बिलात बसत नाही, काका. बिल मशीन किती दिवस तुमच्याकडे होतं ते बघतं."

"हं." त्यांनी कागदाची घडी केली. तेवढ्यानेच त्यांचा खांदा थोडा सैल झाला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही. मग ते परत म्हणाले, "पण अर्धंच गेलं ना ते. अर्धं लिहिलं म्हणूनच तर हे सगळं रामायण झालं."

"काका, ते सांगणं माझं काम नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि गेले. बटण शेवटपर्यंत चुकलेलंच होतं. तिला सांगायचं राहून गेलं.

मेसेज गेला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास लेकीचा फोन आला. आवाज थकलेला, पण व्यवस्थित. अशी माणसं रडून झाल्यावर फोन करतात.

"हा मेसेज तुम्ही पाठवलाय?"

"हो. आधीचाही मीच पाठवला होता. तो चुकला. मी मनापासून माफी मागते तुमची."

"दुसरं मशीन घरी होतं, एवढं कळलं. ते चालू होतं का? माझ्या बाबांना तुम्ही ओळखत नाही. ते रात्री फ्रिजसुद्धा बंद करायचे."

तपशीलबाईने सोळा तारखेचा कागद पुढे ओढला. या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या तपशिलांच्या खोडीबद्दल बरं वाटलं.

"मशीनला मीटर असतो. नऊ तारखेला दुपारी तीनला बसवलं तेव्हा आकडा होता सहा हजार दोनशे चार. काढून नेलं तेव्हा सहा हजार तीनशे एकवीस. एकशे सतरा तास."

"म्हणजे?"

"आई किती वाजता गेल्या?"

"चौदाला. दुपारी बारा वाजता."

"नऊच्या दुपारी तीनपासून चौदाच्या बारापर्यंत एकशे सतरा तासच होतात. मी आत्ताच मोजले. त्यांनी ते एकदाही बंद केलं नाही."

"एकशे सतरा," लेक पलीकडून पुटपुटली. तपशीलबाई रिसीव्हर धरून बसली. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने टिपलं आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

"आणि पहिलं मशीन?" लेकीने विचारलं. "बिघाड कधी झाला?"

मिस्त्रीचा कागद टेबलावरच होता. कावळ्याच्या पायांत सात तारीख स्पष्ट लिहिलेली. तपशीलबाईने त्यावर हात ठेवला.

"आम्हाला फोन नऊला आला," ती म्हणाली. "दोन तासांत बदललं."

हे खोटं नव्हतं. पण तीन दिवस बसून तिने जी अर्धवट, गुळमुळीत भाषा मेसेजमधून काढून टाकली होती, तीच आता ती तोंडाने बोलली होती. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. शेवटी तो फाइलमध्ये लावला, कारण फाइलमध्ये लावणं तिच्या हाताला आपोआप येत होतं.

पुढचे तीन आठवडे नवा मेसेज सगळ्यांना जायला लागला. फोन वीसवरून चारपाचवर आले. साहेबांनी वरच्यांना कळवलं, वरच्यांनी साहेबांचं कौतुक केलं. शून्य चार अजून होताच, पण आता तो टाकला की कॉम्प्युटर विचारायचा, विनंती कोणी केली, नाव लिहा. तपशीलबाईने ते करून घेतलं. विभागातले लोक तिला मनातून शिव्या देत असणार.

मग एका सकाळी घड्याळजी आले. पिशवीत मशीनची पाण्याची बाटली होती, नाकात जाणारी हवा ओली करणारी. ती घरी राहून गेली होती. स्वच्छ धुतलेली, आत एक थेंब नव्हता.

"ही तुमची," ते म्हणाले. "उगाच कोणाच्या तरी नावावर लागायची."

तिने बाटली जमा करून घेतली, पावती दिली. विचारू की नको, असं करत शेवटी विचारलंच. "मुलीचा फोन आला का हो?"

"आला की. त्याच दिवशी. रडली खूप. बाबा मला माफ करा, म्हणाली. एकशे सतरा तास, एकशे सतरा तास, तेच परत परत म्हणत होती. तिकीट काढते, म्हणाली, महिनाभर येऊन राहते." त्यांनी पावतीची घडी घातली, मग आणखी एक. "फार गोड बोलली हो. लहानपणी बोलायची तशी."

"मग झालं की, काका! चांगलं झालं!"

"ती माफी मागत होती बाई. माझी. मला ऐकवेना." त्यांनी वर बघितलं. "मी सात तारीख सांगितली तिला."

तपशीलबाईने पेन खाली ठेवलं.

"सगळं सांगितलं. चारशे रुपये, जाळी, हिरवा दिवा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, ठेवते."

"आणि?"

"आणि काही नाही. वीस दिवस झाले."

तिला वाटलं, ओरडावं या माणसावर. कशाला बोललात? कोणी विचारलं होतं तुम्हाला? मी ती तारीख लपवली होती, तुमच्यासाठी लपवली होती! पण तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते दुःखी होते, पार खचलेले होते, पण त्या पहिल्या दिवशीसारखी त्यांची नजर काचेवर खाली नव्हती.

"येईल हो फोन," ती कसंबसं म्हणाली.

"येईल, नाहीतर नाही यायचा." घड्याळजींनी रिकामी पिशवी काखेत धरली. "आधी ती बोलत नव्हती ते चुकीच्या कारणासाठी. आता बोलत नाही ते खऱ्या कारणासाठी. तेवढं तरी दुरुस्त झालं."

ते जिन्याजवळून वळून बाहेर गेले. तपशीलबाईने पुढची फाइल ओढली. एक पलंग परत आला होता, महिन्यातले अठरा दिवस उरलेले. कारणाच्या रकान्यापाशी येऊन ती थांबली, आणि मग तिने फोन उचलून त्या घरचा नंबर फिरवला, विचारायला, की पलंग का परत केलात.